संक्रांतीच्या बॅनरवर पतंग खरे का वाटत नाहीत?

संक्रांतीच्या ऑफरचं बॅनर करताना आपण गच्चीचा फोटो घेतो, वर दहा-बारा पतंग पेस्ट करतो आणि ते स्टिकर लावल्यासारखे दिसतात. असं का होतं, ते येवल्याच्या एका गच्चीच्या फोटोवर बघू.

आधी आकार. शेजारच्या गच्चीवर आसारी धरलेला माणूस कॅमेऱ्यापासून साधारण ३० फुटांवर आहे. त्याची उंची साडेपाच फूट आणि फोटोत तो ११०० पिक्सेल भरतो. म्हणजे त्या अंतरावर एक फूट = २०० पिक्सेल. दोन फूट रुंदीचा पतंग तिथे ४०० पिक्सेल दिसेल. अंतर वाढलं की त्याच प्रमाणात आकार कमी होतो: १५० फुटांवर ८०, ३०० फुटांवर ४० आणि ६०० फुटांवर फक्त २० पिक्सेल. त्यामुळे मोठे पतंग दोन-तीनच ठेवा, बाकीचे ठिपक्यांएवढे.

आता मांजा. पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ मारू नका. दोऱ्याला वजन असतं, त्यामुळे तो हात आणि पतंग यांच्यामध्ये थोडा खाली झुकतो. हाताजवळ आडवा आणि पतंगाजवळ जास्त उभा. Pen Tool ने हातापासून पतंगापर्यंत एकच वळण काढा. स्क्रीनवर १००० पिक्सेल लांबीच्या दोऱ्याला, खेच असेल तर मधोमध २०-३० पिक्सेल झोळ मी देतो, ढील असेल तर ८०-१००. मग २ पिक्सेलच्या ब्रशने Stroke Path करा आणि लेयर मास्कवर ग्रेडियंट टाकून दोरा पतंगाकडे पुसट करत न्या. दोरा खालच्या टोकाला चिकटवायचा नाही. तो कण्णीला येतो, म्हणजे उडवणाऱ्याकडे तोंड असलेल्या बाजूला. आणि वारा एकच आहे, त्यामुळे सगळे पतंग आपापल्या गच्चीपासून एकाच दिशेला गेलेले हवेत.

शेवटी एकावर एक येणं. लेयर लांबून जवळ या क्रमाने लावा, लांबचा सगळ्यात खाली. प्रत्येक पतंगाचा दोरा त्याच्याच ग्रुपमध्ये ठेवा, नाहीतर लांबच्या पतंगाचा दोरा जवळच्या पतंगावरून जातो. लांबच्या गच्चीवरून येणारा दोरा पाण्याच्या टाकीमागून जात असेल, तर टाकीच्या आकाराचा मास्क लावून तेवढा भाग लपवा. दोन-तीन ठिकाणी पतंग थोडे एकमेकांआड जाऊ द्या. सगळे सुटे ठेवले की रांगोळीचे ठिपके वाटतात.

बॅनर प्रिंटला देण्याआधी प्रत्येक दिसणारा दोरा पतंगाकडून उलटा खाली शोधत या. तो एखाद्या हातापर्यंत, कठड्यामागे किंवा फोटोच्या कडेबाहेर गेला पाहिजे. मधेच आकाशात संपला, तर तो पतंग कटलेला समजायचा. मग त्याला तिरका करा आणि दोरा खाली सैल लोंबकळू द्या.