एक स्टिक, दोन टीव्ही

हॉलमध्ये ४के टीव्ही आहे, आतल्या खोलीत जुना १०८०पीचा. फायर टीव्ही स्टिक मात्र एकच. एचडीएमआय स्प्लिटर लावला की दोन्हीकडे एकच चित्र दिसतं. पण बहुतेकदा हॉलमधला टीव्हीही ४के सोडून १०८०पीवर उतरतो.

बिघाड कशातच नसतो. प्रत्येक टीव्ही जोडला जाताच आपल्याला काय झेपतं, ती माहिती केबलमधून मागे पाठवतो. तिला ईडीआयडी म्हणतात. स्टिक एका वेळी एकच सिग्नल देऊ शकते, म्हणून साधा स्प्लिटर तिला दोघांनाही झेपेल तेवढंच सांगतो. एचडीआरही असाच गळतो. खात्री करायची तर स्टिकच्या सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशन बघा, मग जुन्या टीव्हीची केबल काढून पुन्हा बघा. आकडा वाढला, तर कारण सापडलं.

उपाय म्हणजे डाउनस्केलर असलेला स्प्लिटर. तो ४के सिग्नल घेतो, एका टीव्हीला तसाच देतो आणि दुसऱ्यासाठी १०८०पी करून पाठवतो. खोक्यावर नुसतं ‘४के’ लिहिलेलं पुरेसं नाही. प्रत्येक आउटपुटला वेगळं स्केलिंग आहे का, हे विचारून घ्या. एचडीसीपी २.२ सुद्धा हवंच. ते नसेल तर नेटफ्लिक्ससारख्या अ‍ॅपचं चित्र १०८०पीवर येतं किंवा पडदा काळाच राहतो. प्लेस्टेशन ५ वर १२० हर्ट्‌झने खेळणाऱ्यांनी आउटपुट एचडीएमआय २.१चं आहे का तेही पाहावं, २.०वर ४के ६० हर्ट्‌झलाच थांबतं.