पडद्यावरचे अ‍ॅव्हरेज आणि पंपाची पावती: तफावत कोठून येते?

हिंगणघाटहून नागपूरच्या गांधीबागेतून कापड आणायचे आणि समुद्रपूर, गिरड, वडनेर या भागातील दुकानांना पोहोचवायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा धंदा. त्यासाठी आम्ही पेट्रोलवर चालणारी एक छोटी मालवाहू गाडी ठेवली आहे. स्टेअरिंगमागच्या पडद्यावर ती एका लिटरला किती किलोमीटर चालली, हे दिसत राहते. मागील वर्षी एका महिन्याचा हिशोब मांडताना पडद्यावर 16.8 आकडा होता, आणि पंपाच्या पावत्या व किलोमीटर यांचा भागाकार केला तर 15.1 आला. महिन्याला 1,800 किलोमीटर धरले तर हा फरक 12 लिटरचा होतो. लिटरला 105 रुपये धरले तरी साडेबाराशे रुपये झाले.

व्यापारी माणसाच्या मनात अशा वेळी पहिला शक कोणावर येतो, हे सांगण्याची गरज नाही. आमचे ड्रायव्हरभाई नऊ वर्षांपासून आमच्याकडे आहेत. आम्ही त्यांना विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सेठजी, टाकी तुम्ही भरा, गाडी मी चालवतो, मग हिशोब करा." त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. म्हणून आम्ही आधी हे दोन्ही आकडे तयार कसे होतात ते समजून घेतले आणि मग मोजमाप केले. गाडी नोकराच्या हाती देणाऱ्या व्यापारी बंधूंना त्याचा उपयोग होईल म्हणून ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, पडदा टाकीत पाहत नाही. टाकीतील तरंगता गोळा फक्त काटा दाखवण्यापुरता असतो आणि अ‍ॅव्हरेजसाठी त्याचा भरवसा धरता येत नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारी जी नळी असते, तिला इंजेक्टर म्हणतात. गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टरला किती वेळ उघडे राहायचे ते सांगतो. एवढा वेळ उघडे राहिले म्हणजे एवढे पेट्रोल गेले, असा दर त्याच्यात आधीच भरून ठेवलेला असतो. त्या दराने तो पेट्रोलची बेरीज करत जातो. चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्यांवरून त्याला अंतर कळते. अंतराला पेट्रोलने भागले की पडद्यावरचा आकडा तयार होतो.

कापडवाल्याला हे चटकन समजेल. ताग्याच्या घड्या मोजायच्या, प्रत्येक घडी एक मीटरची धरायची आणि एकूण मीटर सांगायचे, असा हा प्रकार आहे. घडी घालणाऱ्याचा हात सैल असेल आणि प्रत्येक घडी एक मीटर सहा सेंटीमीटरची पडत असेल, तर शंभर घड्यांच्या ताग्यात कापड 106 मीटर असेल, पण मोजणारा शंभरच सांगेल. यात कोणी चोरी केलेली नाही, मापच किंचित चुकीचे धरलेले आहे. इंजेक्टरचेही असेच असते. कारखान्यात धरलेला दर आणि या गाडीच्या इंजेक्टरमधून प्रत्यक्षात जाणारे पेट्रोल यांत थोडा फरक राहतो. पुष्कळ गाड्यांत पडदा पेट्रोल थोडे कमी मोजतो, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे जास्त दिसते.

आता पडद्यावरचे दोन आकडे वेगळे ओळखले पाहिजेत. एक क्षणाक्षणाला बदलणारा, दुसरा सरासरीचा. गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली असता एका सेकंदात सुमारे 16.7 मीटर अंतर जाते. त्या सेकंदात एक मिलिलिटर पेट्रोल लागले तर क्षणाचा आकडा 16.7 येतो. उतारावर गिअरमध्ये असताना पाय सोडला की इंजेक्टर बंदच होतो, पेट्रोल शून्य. मग आकडा वर जाऊन अडकतो किंवा नुसत्या रेघा येतात. उभ्या गाडीत इंजिन चालू असेल तर अंतर शून्य, म्हणून आकडाही शून्य. हा आकडा पाहून पाय हलका ठेवायला शिकता येते, पण त्याचा हिशोबाला उपयोग नाही.

सरासरीचा आकडा म्हणजे या क्षणांच्या आकड्यांची सरासरी नव्हे. समजा, 10 किलोमीटर रस्ता 20 च्या अ‍ॅव्हरेजने गेला आणि पुढचा 10 किलोमीटर 10 च्या. पुष्कळ लोक 15 म्हणतील. परंतु पहिल्या भागाला अर्धा लिटर लागला आणि दुसऱ्याला एक लिटर. 20 किलोमीटरला दीड लिटर, म्हणजे 13.3. पडदा योग्य रीतीने हाच भागाकार करतो. प्रश्न एवढाच की, तो कोठपासून मोजतो. शेवटचे शून्य केले तेव्हापासून तो मोजतो. काही गाड्यांत हे बटण दाबून होते, काहींत पेट्रोल भरले की आपोआप होते.

आमचा अर्धा घोटाळा येथेच निघाला. आमच्या गाडीत बटण दाबून धरले की सरासरी शून्य होते, आणि ते नकळत दाबले गेले होते. 16.8 हा आकडा महिन्याचा नव्हताच. तो नागपूरच्या शेवटच्या खेपेचा होता. जामवरून बुटीबोरीकडे जाणारा सरळ महामार्ग आणि जाताना रिकामी गाडी. पावत्यांत मात्र खेडोपाडीच्या फेऱ्या, माल उतरवताना चालू ठेवलेले इंजिन, गांधीबागेच्या गर्दीतील तास, हे सर्व जमा होते. लहान इंजिनसुद्धा उभ्या उभ्या तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. दोन वेगवेगळ्या मुदतींचे आकडे आम्ही एकमेकांशी ताडून पाहत होतो.

उरलेला फरक पाहण्यासाठी आम्ही टाकी ते टाकी मोजणी केली. रीत अशी: टाकी फुल्ल करायची, नोझल स्वतः बंद पडताच थांबायचे, वर एक थेंबही टाकायचा नाही. त्याच वेळी किलोमीटर लिहून घ्यायचे आणि पडद्याची सरासरी शून्य करायची. पुढच्या वेळी पुन्हा त्याच पंपावर, त्याच नोझलने, गाडी त्याच सपाट जागी उभी करून फुल्ल करायची. आत गेलेले लिटर म्हणजे मधल्या काळात खर्च झालेले पेट्रोल.

पहिली टाकी 332 किलोमीटर चालली आणि 21.3 लिटर भरले, अ‍ॅव्हरेज 15.6. दुसरी 313 किलोमीटर, 21.9 लिटर, अ‍ॅव्हरेज 14.3. एकच गाडी, तोच रस्ता, आणि एवढी घट! पडद्याने मात्र या दोन्ही टाक्यांत 15.9 आणि 15.8 दाखवले होते. म्हणजे येथे पडदा स्थिर होता आणि आमचीच मोजणी हलली होती. कारण सोपे आहे. पहिल्या वेळी फेसामुळे नोझल लवकर बंद पडले, टाकी थोडी अपुरी राहिली आणि ती कसर दुसऱ्या वेळी भरून निघाली. वीस लिटरच्या भरणीत एका लिटरची चूक पाच टक्के होते. म्हणून एका टाकीवरून कधीही निकाल देऊ नये.

तिसरी टाकी 346 किलोमीटर व 22.5 लिटर, चौथी 308 किलोमीटर व 20.4 लिटर. चारही मिळून 1,299 किलोमीटर आणि 86.1 लिटर, अ‍ॅव्हरेज 15.1. भरण्याची चूक फक्त सुरुवातीला आणि शेवटाला लागू होते, मधल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. चारही टाक्यांत शून्य न करता चालू ठेवलेली पडद्याची सरासरी 16.0 होती. म्हणजे पडद्याच्या मते 81.2 लिटर खर्च झाले होते. प्रत्यक्षात 86.1 लिटर गेले, म्हणजे पडद्याच्या आकड्यापेक्षा सहा टक्के जास्त.

येथे कोणी म्हणेल की टायर झिजल्यामुळे किलोमीटर चुकले असतील. किलोमीटर चुकतात हे खरे. तीस सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकाची सहा मिलिमीटर नक्षी झिजली तर दोन टक्के किलोमीटर जास्त पडतात. पण दोन्ही हिशोबांत तेच किलोमीटर वापरले आहेत, त्यामुळे त्या दोघांतील तफावत टायरमुळे येऊ शकत नाही. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचेही असेच. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता असते, म्हणून गाडी जास्त लिटर पिते. परंतु ते जास्तीचे लिटर इंजेक्टरमधूनच जातात आणि पडदाही ते मोजतो. अ‍ॅव्हरेज दोन्हीकडे सारखेच घसरते.

मग चोरीचा प्रश्न उरला. टाकीतून काढलेले पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून पडद्याला ते कधीच कळत नाही. ते फक्त पावतीत दिसते. म्हणून सहा टक्के हे गाडीचे माप की माणसाची करामत, हे ठरवायला एकच उपाय होता. एक पूर्ण टाकी आम्ही स्वतः चालवली आणि रात्री गाडी घरात ठेवली. 320 किलोमीटर, 20.9 लिटर, अ‍ॅव्हरेज 15.3. पडद्यावर 16.2. फरक पुन्हा सहा टक्के! एका टाकीचा आकडा एकटा कच्चाच, पण तो आधीच्या चार टाक्यांशी जुळला. आम्ही ड्रायव्हरभाईंना वही दाखवली आणि बदगुमानी केल्याबद्दल माफी मागितली.

आता आम्ही पडद्याच्या आकड्यातून सहा टक्के वजा करतो आणि दर चार टाक्यांनी पावत्यांशी मेळ घालतो. तफावत सहाच्या आसपास राहिली तर ते गाडीचे माप समजावे. ती अचानक दहा-बारा टक्क्यांवर गेली तर मात्र चौकशी करावी. आधी गाडीखाली पेट्रोलचा वास किंवा ओल आहे का पाहावे. मग पंपावर पाच लिटरचे शासकीय मुद्रेचे माप मागावे. ते मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि त्यात 25 मिलिलिटरपर्यंतचाच फरक चालतो. इंजेक्टर कचऱ्याने बिघडले असतील तर इंजिन अडखळते आणि पडद्याचे मापही बदलते, तेव्हा मेकॅनिकला दाखवावे. हे सर्व ठीक निघाले तरच माणसाकडे वळावे, आणि तेही एक टाकी स्वतः चालवून पाहिल्यानंतर.