गिऱ्हाइकाचा शेवटचा व्यवहार: MAXIFS आणि तारखांचे घोळ

घाऊक दुकानाची रोजकीर्द एक्सेलमध्ये असते तेव्हा व्यवहार जसे होतात तसे एकाखाली एक लिहिले जातात. एकाच गिऱ्हाइकाच्या नोंदी त्यामुळे पानभर विखुरतात. वसुलीला निघण्यापूर्वी मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाचा शेवटचा व्यवहार कधी झाला हे कळावे लागते. पूर्वी त्यासाठी खतावणीत त्या गिऱ्हाइकाचे खाते उघडून तळाची ओळ वाचत. एक्सेलमध्ये हे काम MAXIFS हे फंक्शन करते. दिलेल्या अटीत बसणाऱ्या ओळींपुरती सर्वांत मोठी संख्या शोधणे, एवढेच ते जाणते.

तारखेच्या बाबतीत तेवढे पुरते, कारण एक्सेल तारीख संख्या म्हणूनच साठवते. 1 जानेवारी 1900 हा दिवस 1 धरून पुढे एकेक दिवस मोजला जातो. त्या हिशेबाने 9 मे 2025 म्हणजे 45786. पडद्यावर दिसणारा दिवस-महिना-वर्ष हा त्या आकड्याला चढवलेला निव्वळ पोशाख असतो. अलीकडची तारीख म्हणजे मोठी संख्या. MAXIFS साठी नोंदी तारखेच्या क्रमाने लावाव्या लागत नाहीत, तेही यामुळेच.

समजा एका दुकानाच्या नोंदी अशा आहेत. पहिली ओळ मथळ्यांची असून खऱ्या नोंदी दुसऱ्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत आहेत.

```
A           B      C       D
तारीख        कोड     प्रकार    रक्कम
03-04-2025  G101   विक्री    8400
07-04-2025  G102   विक्री    5150
12-04-2025  G101   जमा     8000
21-04-2025  G103   विक्री    2700
02-05-2025  G102   जमा     5000
09-05-2025  G101   विक्री    6250
16-05-2025  G102   विक्री    3900
```

गिऱ्हाइकांचे कोड F स्तंभात एकेकदाच लिहून घ्यायचे: F2 मध्ये G101, त्याखाली G102 आणि G103. मग G2 मध्ये हे सूत्र लिहून ते खाली ओढायचे.

```
=MAXIFS($A$2:$A$8,$B$2:$B$8,F2)
```

कंसातली पहिली जागा ज्यातून मोठी संख्या निवडायची त्या स्तंभाची, दुसरी अट तपासायच्या स्तंभाची आणि तिसरी प्रत्यक्ष अटीची. G101 च्या ओळी तीन आहेत: 3 एप्रिल, 12 एप्रिल आणि 9 मे. उत्तर येते 45786. त्या घराला तारखेचे स्वरूप दिले की 09-05-2025 दिसते. G102 चे उत्तर 16 मे आणि G103 चे 21 एप्रिल. तारखांचा आणि कोडांचा पट्टा सारख्याच लांबीचा हवा. एक आठव्या ओळीपर्यंत आणि दुसरा नवव्या ओळीपर्यंत गेला, तर #VALUE! येते.

सूत्रातली $ चिन्हे गाळली, तर मात्र कसलीच तक्रार येत नाही आणि म्हणूनच ती चूक जास्त घातक ठरते. सूत्र एक घर खाली ओढले की दोन्ही पट्टे एकेक ओळ खाली सरकतात. लांबी सारखीच राहत असल्याने उत्तर येत राहते, पण वरची एकेक नोंद हिशेबातून गळत जाते. नोंदी जुन्याकडून नव्याकडे लिहिलेल्या असतील, तर गळतात त्या जुन्या, त्यामुळे उत्तरे बहुधा बरोबरच दिसतात. तीच यादी ताजी नोंद वर अशा क्रमाने लावली, की नेमके शेवटचे व्यवहार गळू लागतात.

वसुलीसाठी खरा प्रश्न थोडा वेगळा असतो. शेवटचा माल कधी उचलला, यापेक्षा शेवटचे पैसे कधी दिले हे महत्त्वाचे. त्यासाठी आणखी एक जोडी द्यायची, तपासायचा स्तंभ आणि त्याची अट:

```
=MAXIFS($A$2:$A$8,$B$2:$B$8,F2,$C$2:$C$8,"जमा")
```

आता G101 साठी 12 एप्रिल येते आणि G102 साठी 2 मे. G103 ने अजून एकही रुपया दिलेला नाही. एकही ओळ अटीत बसत नसेल, तर MAXIFS चूक दाखवत नाही, 0 देते. तारखेच्या स्वरूपात तो 0 00-01-1900 असा दिसतो. वर्षाचे दोनच अंक दाखवणारे स्वरूप असेल, तर 00-01-00 एवढेच दिसते आणि घाईत ते नजरेतून सुटू शकते. उत्तर H2 मध्ये असेल, तर शेजारच्या घरात असे लिहिणे बरे:

```
=IF(H2=0,"जमा नाही",H2)
```

सर्वांत मोठा घोळ सूत्रात नसतो, तो तारखांच्या नोंदीत असतो. भारतात आधी दिवस लिहितात, अमेरिकेत आधी महिना. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असेल आणि वरची यादी दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून CSV फाइल म्हणून तिथे उघडली, तर 12-04-2025 ही 12 एप्रिलची नोंद 4 डिसेंबर होऊन बसते. 21-04-2025 मध्ये एकविसावा महिना सापडत नाही, म्हणून ती नोंद तारीख न होता नुसता मजकूर राहते. MAXIFS मजकूर मोजतच नाही. परिणामी G101 चा शेवटचा व्यवहार 9 मेऐवजी 4 डिसेंबरचा येतो. G102 ची 16 मेची नोंद मजकूर झाल्याने वगळली जाते आणि 7 एप्रिलची उलटून झालेली 4 जुलै पुढे येते. G103 ची एकमेव तारीख मजकूर झालेली, म्हणून तिथे 0. तीन गिऱ्हाइके, तिन्ही उत्तरे चुकीची, आणि पडद्यावर चुकीची एकही खूण नाही.

हे ओळखता येते. स्तंभाला मुद्दाम डावी-उजवी मांडणी दिलेली नसेल, तर खऱ्या तारखा घराच्या उजव्या कडेला टेकतात आणि मजकूर डाव्या. यादी मोठी असेल, तर पुढचे सूत्र आणखी खात्रीचे:

```
=COUNTA(A2:A8)-COUNT(A2:A8)
```

भरलेल्या घरांतून संख्या असलेली घरे वजा केली की मजकूर होऊन बसलेल्या तारखा किती ते कळते. बिघडलेल्या यादीत हे उत्तर 2 येते, निरोगी यादीत 0. त्याच्या जोडीला MAX ने संपूर्ण स्तंभाची सर्वांत मोठी तारीखही पाहावी. ती आजच्या पुढची निघाली, तर दिवस-महिन्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा.

दुरुस्ती करताना `Text to Columns` मध्ये `DMY` निवडले, तर मजकूर राहिलेल्या नोंदी खऱ्या तारखा होतात. आधीच उलटलेल्या तारखा मात्र तशाच राहतात, कारण एक्सेलच्या लेखी त्या बिनचूक असतात. म्हणून अर्धवट डागडुजी करत बसू नये. मूळ फाइल पुन्हा आणावी आणि आणतानाच तारखेच्या स्तंभाचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगावा.

MAXIFS एक्सेल 2019 पासून पुढच्या आवृत्त्यांत मिळते. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिसमध्येही ते आहे. एक्सेल 2013 सारख्या जुन्या आवृत्तीत फाइल उघडून सूत्र पुन्हा मोजले गेले की #NAME? दिसते. तिथे खालचे सूत्र लिहून नुसते `Enter` न दाबता `Ctrl+Shift+Enter` दाबावे.

```
=MAX(IF($B$2:$B$8=F2,$A$2:$A$8))
```

जुळणाऱ्या ओळींच्या तारखा IF बाजूला काढते आणि त्यांतली सर्वांत मोठी MAX निवडते. तारखा खऱ्या असतील, तर दोन्ही सूत्रांचे उत्तर एकच येते.