वेळापत्रक मुख्याध्यापकांना पाठवताना

सहामाही परीक्षेचं वेळापत्रक लागलं की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न असतो, ‘माझं सुपरव्हिजन कोणत्या दिवशी?’ परीक्षा विभाग सांभाळणारे शिक्षक मग तक्ता आखतात आणि मंजुरीसाठी मुख्याध्यापकांना ईमेल करतात. सहकाऱ्यांना काम नेमून देण्याचा अधिकार मुख्याध्यापकांचा असतो. म्हणून हा तक्ता म्हणजे प्रस्ताव, आणि ईमेल लिहायची ती त्यांना निर्णय घेता यावा अशी.

एक शाळा डोळ्यांसमोर आणू. परीक्षाप्रमुख सोडून पंधरा शिक्षक, आठ खोल्या, सोमवार ते शनिवार रोज दोन तासांचा एक पेपर. रोज खोल्यांवर आठ जण, एक रिलिव्हर आणि एक राखीव, म्हणजे दहा माणसं लागतात. सहा दिवसांच्या साठ ड्यूट्या झाल्या, प्रत्येकाच्या वाट्याला चार. पहिला अर्धा तास आणि शेवटची दहा मिनिटं खोलीतला शिक्षक हलवायचा नाही असं ठरवलं, तर मधे ऐंशी मिनिटं उरतात. आठ खोल्यांना दहा-दहा मिनिटं सोडवायला एक रिलिव्हर जेमतेम पुरतो. नववी खोली उघडावी लागली तर दुसरा लागेलच.

खरी कसोटी पुढे आहे. ज्याच्या विषयाचा पेपर, त्याला त्या दिवशी खोलीवर नेमू नये. प्रश्नपत्रिकेत चूक निघाली तर तो लगेच हाताशी हवा, आणि विद्यार्थ्याला नकळत सूचक शब्द जाण्याची शक्यताही टळते. आपल्या शाळेत मराठी, इंग्रजी आणि गणिताचे तीन-तीन शिक्षक आहेत, तर हिंदी, विज्ञान आणि समाजशास्त्राचे दोन-दोन. पेपर मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र या क्रमाने. स्वतःच्या विषयाचा दिवस वगळला की प्रत्येकाला आणखी एक दिवस मोकळा मिळतो. तो पेपरच्या दुसऱ्या दिवशी दिला तर उत्तरपत्रिका तपासायला सलग वेळ मिळतो, म्हणून मी तसाच देईन. मराठीचे तिघे मंगळवारी, हिंदीचे दोघे बुधवारी, गणिताचे तिघे शुक्रवारी, विज्ञानाचे दोघे शनिवारी मोकळे होतात. समाजशास्त्राचा पेपरच शनिवारी असल्याने त्या दोघांना सोमवार द्यायचा. अडतं ते इंग्रजीपाशी. गुरुवारी गणिताचे तिघे आधीच मोकळे असतात, त्यामुळे आणखी दोघांनाच सोडता येतं. इंग्रजीच्या तिसऱ्या शिक्षकाला शनिवारपर्यंत थांबावं लागतं.

ही अडचण ईमेलमध्ये स्पष्ट लिहायला हवी. ती लपवली तर तक्ता लागल्यावर तक्रार थेट मुख्याध्यापकांकडे जाते आणि त्यांना काहीच माहीत नसतं. मजकूर साधारण असा असावा:

विषय: सहामाही परीक्षा – पर्यवेक्षण तक्ता, मंजुरीसाठी (बुधवारपर्यंत)

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार. परीक्षा आठवड्याचा प्रस्तावित तक्ता सोबत जोडला आहे. प्रत्येकाला चार ड्यूट्या आहेत आणि स्वतःच्या विषयाच्या दिवशी कोणालाही खोली दिलेली नाही.
दोन बाबींवर आपला निर्णय हवा आहे. इंग्रजीच्या एका शिक्षकांना तपासणीचा मोकळा दिवस शनिवारी मिळतो. हे चालेल का? रिलिव्हर आणि राखीव मिळून बाराच जागा असल्याने तिघांना चारही दिवस खोलीवर राहावं लागेल. वार्षिक परीक्षेत या जागा त्यांना आधी द्याव्यात, अशी विनंती आहे.
आपल्या मंजुरीनंतर तक्ता सूचना वहीत सह्यांसाठी फिरवतो.
आपला विश्वासू,
परीक्षा विभागप्रमुख

पंधरा ओळींचा तक्ता ईमेलच्या मजकुरात चिकटवू नये. मोबाइलवर रकाने मोडतात आणि गुरुवारची खोली शुक्रवारखाली दिसू लागते. वाचण्यासाठी पीडीएफ आणि बदल करण्यासाठी एक्सेल, अशा दोन्ही फाइली जोडाव्यात. तक्त्यात ओळीला शिक्षक, रकान्याला दिवस आणि चौकटीत खोलीचा क्रमांक, ‘रि’ किंवा ‘रा’. मोकळ्या दिवसाची चौकट रिकामीच ठेवावी.

पाठवण्याआधी नुसती बेरीज तपासून भागत नाही. पाच क्रमांकाच्या खोलीवर दोघे आणि सातवर कोणीच नाही, तरी त्या दिवसाची बेरीज दहाच येते. म्हणून प्रत्येक खोली वेगळी मोजावी. सोमवारचा रकाना B असेल, तर पाचव्या खोलीसाठी सूत्र असं:

```
=COUNTIF(B$2:B$16,5)
```

उत्तर १ यायला हवं. २ आलं तर कुठली तरी दुसरी खोली उघडी पडली आहे.

आयत्या वेळच्या रजेचं काय, हे मुख्याध्यापक विचारणारच. एक शिक्षक आला नाही तर राखीव शिक्षक खोलीवर जातो. दोघे आले नाहीत तर रिलिव्हरही जातो, आणि मग खोल्या सोडवायला परीक्षाप्रमुखांनाच फिरावं लागतं. तिसऱ्या रजेला त्या दिवशी मोकळ्या असलेल्या पाच जणांपैकी कोणाला बोलवायचं, तो क्रम तक्त्याच्या तळाशी दिवसागणिक लिहून ठेवावा. त्या दिवशीच्या विषयाच्या शिक्षकांची नावं त्यात सर्वांत शेवटी.