दोन सत्रांचे सोपे, तीन सत्रांचे अवघड

ज्या प्रश्नाचे उत्तर हाती आल्यावर पटकन तपासता येते, त्याचे उत्तर शोधूनही पटकन काढता येते का? संगणकशास्त्रातला ‘पी विरुद्ध एनपी’ हा प्रश्न एवढाच आहे. पटकन सोडवता येणारे प्रश्न ‘पी’मध्ये, पटकन तपासता येणारे ‘एनपी’मध्ये. पटकन म्हणजे लागणारा वेळ माहितीच्या आकाराच्या वर्गाच्या, घनाच्या किंवा अशाच ठरावीक घाताच्या मर्यादेत राहतो.

परीक्षेचे वेळापत्रक घ्या. विषय 100 आहेत, आणि ज्या दोन विषयांना एखादा तरी विद्यार्थी सामाईक आहे, त्यांचे पेपर एकाच सत्रात नकोत. सत्रे दोनच असतील तर काम सोपे. एक विषय सकाळी ठेवला की त्याच्याशी टक्कर होणारे सगळे दुपारी जातात, त्यांच्याशी टक्कर होणारे पुन्हा सकाळी. कुठेच निवड करावी लागत नाही. टक्कर होणारे दोन विषय एकाच सत्रात आले, तर असे वेळापत्रक होऊच शकत नाही हेही तिथेच कळते.

सत्रे तीन केली की मात्र सगळे बदलते. पहिला विषय सकाळी ठेवल्यावर दुसऱ्यापुढे दुपार की संध्याकाळ असा पर्याय उरतो, आणि निवड चुकल्याचे पुष्कळ पुढे गेल्यावर लक्षात येते. एकूण मांडण्या 3^100, म्हणजे 5 वर 47 शून्यांच्या आसपास. सेकंदाला एक लाख कोटी मांडण्या तपासल्या तरी विश्वाच्या वयाएवढा काळ पुरणार नाही. याहून हुशार पद्धती आहेत, पण विषय वाढत गेले की आजवर माहीत असलेली प्रत्येक पद्धत सर्वांत वाईट प्रसंगी अशीच हात टेकते. तयार वेळापत्रक तपासायला मात्र जास्तीत जास्त 4,950 जोड्या पाहाव्या लागतात.

हा काही एका वेळापत्रकाचा त्रास नाही. 1971 मध्ये स्टीफन कुक यांनी दाखवले की एनपीमधला कोणताही प्रश्न तर्कशास्त्रातल्या एका प्रश्नाच्या रूपात मांडता येतो. सोव्हिएत संघात लिओनिद लेविन स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. 1972 मध्ये रिचर्ड कार्प यांनी अशाच ताकदीच्या 21 प्रश्नांची यादी दिली. तीन सत्रांचा प्रश्नही याच कुळातला. त्यामुळे यातल्या एकाचीही झटपट रीत सापडली, तर एनपीमधल्या सगळ्यांची सापडते. मोठ्या संख्येचे मूळ अवयव काढणेही त्यात आलेच, आणि आरएसए ही सांकेतिक पद्धत त्याच्याच अवघडपणावर उभी आहे. रीत कागदावर झटपट, पण घात 100 असेल, तर व्यवहारात तिचा उपयोग नाही, ही गोष्ट वेगळी.

बहुतेक तज्ज्ञांना अशी रीत नसावी असे वाटते. तसे ठरले तरी वेळापत्रके अडणार नाहीत, कारण प्रत्यक्षातली उदाहरणे क्वचितच इतकी वाईट असतात. आपला प्रश्न या कुळातला आहे हे कळल्यावर प्रोग्रामर प्रत्येक वेळी चालणाऱ्या झटपट रीतीचा नाद सोडतो आणि जवळपासच्या उत्तरावर किंवा खास प्रकारच्या उदाहरणांवर मेहनत घेतो. पण अशी रीत नाहीच, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. 2000 साली क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने यासाठी जाहीर केलेले 10 लाख डॉलर अजून तसेच पडून आहेत.