कपाटात औषध किती, वहीत किती

धर्मादाय दवाखान्यातली औषधांची साठा नोंदवही बहुतेकांनी पाहिलेली असते. लांबट, पुठ्ठ्याची, प्रत्येक औषधाला एक पान, पानावर तारीख, आवक, जावक, शिल्लक आणि शेरा. पान भरले की ‘पुढील शिल्लक पान १४३ वर’. शिल्लक विचारली की ही वही उत्तर देते, पण एखादे औषध संपत आले आहे हे आपणहून सांगत नाही. त्यासाठी कोणी तरी ते पान उघडावे लागते. ज्या औषधाचे पान आठवडाभर कोणी उघडले नाही, नेमके तेच संपलेले असते.

ही वही संगणकावर घ्यायची म्हटले की पहिल्या पानापासून सगळे टंकायला बसण्याचा मोह होतो. तो टाळावा. जुन्या वहीतून दोनच गोष्टी हव्या असतात: औषध किती खपते आणि पुरवठादाराकडून यायला किती दिवस लागतात. आजची शिल्लक मात्र वहीतून घ्यायची नसते, ती कपाटातून घ्यायची.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिन ५०० या गोळीचे पान घेऊ. आकडे समजण्यापुरते मांडलेले आहेत, पण दवाखान्यात घडते ते असेच. ३१ मार्चला संध्याकाळी वहीत शिल्लक २,०६०. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडण्याआधी मोजणी केली, तर गोळ्या भरल्या २,१६०. शंभर जास्त कशा? मागच्या पानावर उत्तर सापडले: ‘आवक २० पट्ट्या’ आणि पुढे २००. पूर्वी दहाची पट्टी यायची, त्या खेपेला पंधराची आली होती. म्हणजे आवक ३०० होती. म्हणून शीटमध्ये पट्टी किंवा खोके हे एकक ठेवूच नये. गोळी म्हणजे गोळी, बाटली म्हणजे बाटली. बिलावरच्या पट्ट्यांचा गुणाकार आवक लिहितानाच करून टाकावा.

मोजताना आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या रांगेत बारा पट्ट्या अशा होत्या की त्यांची मुदत मार्चअखेर संपलेली. १८० गोळ्या बाद. हाताशी राहिल्या १,९८०. हा खरा आरंभीचा साठा.

आता शीट. दर औषधाला वेगळे पान ही वहीची सवय इथे सोडायची. सगळ्या औषधांच्या सगळ्या नोंदी एकाच यादीत, एकाखाली एक. ‘नोंदी’ नावाच्या या शीटमध्ये रकाने असे: A तारीख, B कोड, C बॅच, D मुदत, E आवक, F जावक, G शिल्लक, H शेरा. औषधाच्या नावाऐवजी कोड, कारण एकाच गोळीला कोणी मेटफॉर्मिन लिहितो, कोणी ग्लायकोमेट, कोणी नुसते ‘शुगरची’, आणि संगणकाला ती तीन औषधे वाटतात. आपण `MET500` ठरवला आणि तो टंकण्याऐवजी यादीतून निवडायची सोय केली, की हा घोळ मिटतो. त्या १८० गोळ्याही गुपचूप फेकायच्या नाहीत. त्यांची आवक दाखवायची आणि खालच्या ओळीत ‘मुदतबाह्य’ शेऱ्यासह जावक, म्हणजे हिशेबात माग राहतो.

चालू शिल्लक काढायला दुसऱ्या ओळीत हे सूत्र लिहून खाली ओढायचे:

```
=SUMIFS(E$2:E2,B$2:B2,B2)-SUMIFS(F$2:F2,B$2:B2,B2)
```

पहिल्या ओळीपासून या ओळीपर्यंत याच कोडची जेवढी आवक, त्यातून तेवढीच जावक वजा, एवढाच त्याचा अर्थ. मध्ये दुसऱ्या औषधांच्या कितीही ओळी आल्या तरी बिघडत नाही. आकडे मात्र 1, 2, 3 असेच टाकावेत. देवनागरी अंक टाकले तर ते मजकूर धरले जाऊन बेरजेतून गळण्याचा धोका असतो. कळायचे कसे? आवक लिहूनही शिल्लक हलली नाही, तर तिथे आधी पाहावे.

दुसरी शीट ‘साठा’. तिथे दर औषधाला एकच ओळ: A कोड, B नाव, C शिल्लक, D मागवलेले पण न आलेले, E मागणीची पातळी, F इशारा.

```
C2: =SUMIFS('नोंदी'!E:E,'नोंदी'!B:B,A2)-SUMIFS('नोंदी'!F:F,'नोंदी'!B:B,A2)
F2: =IF(C2<=0,"संपले",IF(C2+D2<=E2,"मागवा",""))
```

D हा रकाना बरेच जण गाळतात. मग ऑर्डर देऊनही ‘मागवा’ दिसतच राहते, आणि दुपारच्या पाळीचा माणूस तीच ऑर्डर पुन्हा देतो.

खरा विचार लागतो तो E मधल्या आकड्याला. अनेक जण इथे सरसकट ५०० टाकून मोकळे होतात, म्हणजे रोज नव्वद खपणाऱ्या गोळीला आणि महिन्यात दहा खपणाऱ्या गोळीला एकच माप. आपल्या पानावर जानेवारीत २,७३० गोळ्या दिल्या, फेब्रुवारीत १,९७० आणि मार्चमध्ये २,८६०. एकूण ७,५६०. दिवस ९०, म्हणून रोजच्या ८४ असे सरळ गणित होईल, पण ते चुकीचे. फेब्रुवारीत सहा दिवस औषधच नव्हते. त्या दिवसांत खप शून्य दिसतो, गरज शून्य नसते. ते दिवस वजा करून ८४ दिवसांनी भागले तर रोजच्या ९० गोळ्या येतात. हे वजा केले नाही, तर एकदा संपलेले औषध पुढच्या वेळी आणखी कमी मागवले जाते आणि पुन्हा संपते.

पुरवठादार एरवी दहा दिवसांत माल देतो, म्हणजे ९०० गोळ्या. एकदा त्याला सतरा दिवस लागले होते. त्या जादा सात दिवसांच्या ६३० धरल्या की पातळी १,५३० ठरते. हाताशी १,९८० असल्याने इशारा पाच दिवसांनी लागेल. तेव्हा महिन्याच्या २,७०० गोळ्या, म्हणजे पंधराच्या १८० पट्ट्या मागवायच्या.

अर्थात नोंदी रोज झाल्या तरच. आठवडाभराच्या चिठ्ठ्या शनिवारी एकदम चढवल्या तर मधले सहा दिवस, म्हणजे ५४० गोळ्या, शीटला माहीतच नसतात आणि पाचव्या दिवसाचा इशारा कोणाला दिसत नाही. रोजची सगळ्या रुग्णांची मिळून एक ओळ लिहिली तरी चालते, फक्त बॅचनिहाय.

मुदतीची तारीख महिन्याच्या शेवटच्या दिवसाची पूर्ण लिहावी, 31/03/2027 अशी. मधुमेहाच्या रुग्णाला महिन्याच्या गोळ्या एकदम देतात, म्हणून मुदत संपायला तीस दिवसांहून कमी उरलेली पट्टी त्याच्या कामाची नाही. मुदतीचा इशारा तीन महिने आधी लावला, तर ती बॅच आधी संपवता येते किंवा परतीचे बोलता येते.

सरासरीचे हे गणित सगळ्यांना लावू नये. सर्पदंशावरच्या लसीचा खप महिनोन्‌महिने शून्य असेल, पण विषबाधा झालेल्या एका रुग्णाला सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. तिथे पातळी डॉक्टरांनी ठरवून द्यायची आणि तिला हात लावायचा नाही. ओआरएसला मार्चचा खप जूनमध्ये उपयोगाचा नाही, गेल्या पावसाळ्याचे पान पाहावे.

पहिला महिना वही आणि शीट दोन्ही चालू ठेवा. दर शनिवारी कोणतीही पाच औषधे काढून मोजा आणि फरक आला तर त्याच आठवड्याच्या नोंदींत शोधा, कारण जुना फरक सापडत नाही. शिल्लक जुळवण्यासाठी जुनी ओळ खोडू नका, ‘मोजणी दुरुस्ती’ अशी नवी ओळ लिहा. आणि ज्यांचे औषधांचे दुकानही आहे, त्यांनी एच-१ अनुसूचीतल्या औषधांचे वेगळे रजिस्टर या शीटमुळे बंद करू नये. ते कायद्याने तीन वर्षे जपून ठेवावे लागते.