*डॉलरचा दर बदलला, मग कांद्याचा हिशोब कसा बसतो?*



परदेशात माल गेला की एक प्रश्न हमखास येतो: "बिल आठ लाख चाळीसचं होतं, बँकेत आठ लाख चव्वेचाळीस कसे आले? वरचे चार हजार कुणाचे?" आज तेवढंच समजून घेऊ. दर समजण्यासाठी धरलेले आहेत, आजचे नाहीत.

*१) बिलाचा दिवस*
समजा, आपण २५ टन कांदा दुबईला पाठवला. भाव ठरला टनाला ४०० डॉलर, म्हणजे बिल १०,००० डॉलरचं. फेब्रुवारीत विक्री झाली त्या दिवशी डॉलर ८४ रुपये होता. वहीत विक्री लिहिली ८,४०,००० रुपये.
हा आकडा आता कायमचा. पुढे डॉलर चढो की पडो, विक्रीला हात लावायचा नाही. कस्टमच्या शिपिंग बिलावर सरकारने जाहीर केलेला वेगळा दर असतो, म्हणून तिथला रुपयाचा आकडा वहीशी जुळला नाही तरी घाबरू नका.

*२) ३१ मार्च*
पैसे अजून आलेले नाहीत आणि वर्ष संपलं. कंपन्यांना लागू असलेल्या लेखा मानक ११ प्रमाणे ही येणी त्या दिवशीच्या दराने पुन्हा मोजावी लागते. समजा दर ८५.५० झाला. येणी झाली ८,५५,००० रुपये. वाढलेले १५,००० रुपये 'विनिमय दरातील नफा' म्हणून वेगळ्या खात्यात जमा.
हा नफा कागदावरचा आहे, हातात एक रुपयाही आलेला नाही. त्यामुळे हे १५,००० बघून लगेच बोनसची मागणी करणं म्हणजे माल विकायच्या आधीच पैसे मोजणं.

*३) पैसे आले तो दिवस*
एप्रिलमध्ये बँकेने ८४.८० दराने पैसे जमा केले. रक्कम आली ८,४४,६०८ रुपये. इथे घाई करू नका. *आधी डॉलर मोजा, रुपये नंतर.*
बँकेच्या पावतीवर दिसेल की १०,००० ऐवजी ९,९६० डॉलरच आले. मधल्या परदेशी बँकेने ४० डॉलर कापून घेतले. म्हणून हिशोब असा:

▪️ बँकेत जमा: ८,४४,६०८
▪️ बँक खर्च (४० डॉलर × ८४.८०): ३,३९२
▪️ विनिमय तोटा (१०,००० × ७० पैसे): ७,०००
▪️ एकूण: ८,५५,०००, म्हणजे येणी पूर्ण मिटली ✅

७० पैसे कुठून आले? ३१ मार्चच्या ८५.५० मधून ८४.८० वजा केले. बिलाच्या ८४ शी तुलना केली तर चुकेल, कारण ८४ ते ८५.५० हा फरक मागच्या वर्षात लिहून झाला आहे.
दोन्ही वर्षं मिळून पाहा: १५,००० नफा, ७,००० तोटा, निव्वळ नफा ८,०००. म्हणजे किलोमागे ३२ पैसे. पण मागच्या वर्षी नफा दिसला आणि या वर्षी तोटा.

*कुठे चुकतं?*
जो फरक दिसेल तो सगळा 'डॉलरचा फरक' म्हणून टाकला जातो. समजा व्यापाऱ्याने माल ओला निघाला म्हणून ५०० डॉलर कापले, तर ती भावातली कपात आहे. तिची क्रेडिट नोट हवी आणि ती विक्रीतून वजा व्हायला हवी. ती दराच्या खात्यात लपली, तर प्रतवारीत कुठे मार खाल्ला हे कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या खेपेला तोच माल तसाच जातो.
ओळखायची खूण सोपी: डॉलर पूर्ण आले आणि रुपये बदलले, तर तो दराचा फरक. डॉलरच कमी आले, तर कारण कागदावर मागा.
टॅलीच्या ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` ही ओळ दिसली, तर फरकाची नोंद व्हायची राहिली आहे असं समजा.

*तुमच्या पैशाशी काय संबंध?*
तुमचा कांद्याचा भाव विक्रीवरून ठरतो. दराचा नफा-तोटा कंपनीच्या वर्षाच्या शिलकीत जातो. दोन्ही एकत्र केले, तर डॉलर चढला तेव्हा माल देणाऱ्याला जास्त आणि पडला तेव्हा देणाऱ्याला कमी मिळेल, मग माल एकाच प्रतीचा का असेना. म्हणून वार्षिक सभेत अहवाल हाती आला की तीन आकडे वेगवेगळे विचारा: विक्री किती, बँक खर्च किती, विनिमय फरक किती.

शंका असेल तर बिल आणि बँकेची पावती शेजारी ठेवून ऑफिसात बघायला या.

– हिशोब विभाग, पाटोदा